परिषदेचे कार्यक्रमपत्रक कसे वाचावे : एका छायाचित्राचे विश्लेषण

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला पुढील गोष्टी करता येतील :

- समांतर सत्रे असलेल्या परिषदेच्या कार्यक्रमपत्रकातील संकेतांची फोड करणे.
- सत्र, खोली आणि विषयधारा या तीन गोष्टींतील भेद ओळखणे.
- पत्रकाचे छायाचित्र अपुरे असल्यास कोणती माहिती त्यातूनच काढता येते आणि कोणती विचारूनच घ्यावी लागते, हे ठरवणे.

१. प्रस्तावना

साहित्य संमेलनाची कार्यक्रमपत्रिका आपण पाहिली असेल. उद्घाटन, परिसंवाद, कविसंमेलन, मुलाखत अशी नावे तिच्यात एकाखाली एक दिलेली असतात आणि प्रत्येक नावापुढे वेळ व मंडपाचे नाव असते. ती वरून खाली वाचली की दिवसाचा क्रम कळतो. भाषाविज्ञानाच्या किंवा अन्य कोणत्याही विद्याशाखेच्या मोठ्या परिषदेचे पत्रक मात्र असे वाचता येत नाही. तेथे एकाच वेळी तीन-चार खोल्यांत निबंधवाचन चालू असते. त्यामुळे पत्रक तक्त्याच्या रूपात असते. ते वरून खाली वाचले तर वेळ पुढे सरकते आणि डावीकडून उजवीकडे वाचले तर त्याच वेळी अन्यत्र काय चालू आहे ते कळते. तक्त्यातील जागा अपुरी असल्याने नावांऐवजी संकेत वापरले जातात. प्रथमच परिषदेला जाणाऱ्याची अडचण येथूनच सुरू होते.

दूरशिक्षणातून मराठी भाषाविज्ञान शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने माझ्याकडे असेच एक छायाचित्र पाठवले होते. वऱ्हाडीतील शेतीच्या अवजारांची नावे, म्हणजे वखर, डवरा, तिफन आणि त्यांच्या भागांना असलेले शब्द, हा तिच्या संकलनाचा विषय होता. परिषदेने तिची नोंद स्वीकारली होती. परिषदेला जाऊन आलेल्या पूर्वीच्या एका सहभागी व्यक्तीने तिला दुसऱ्या दिवसाच्या पानाचे छायाचित्र भ्रमणध्वनीवर पाठवले, कारण पत्रकाची मांडणी दरवर्षी तीच असते असे तिला सांगण्यात आले होते. पुढे आयोजकांकडून चालू वर्षाच्या पानाचेही तसेच छायाचित्र आले. त्यात तिच्या शीर्षकापुढे P2-14 असे लिहिले होते. तिने विचारले, "सर, माझे निबंधवाचन दुसऱ्या दिवशी चौदा वाजता, म्हणजे दुपारी दोनला आहे ना? वीस मिनिटांचे भाषण तयार केले आहे."

तिचे वाचन तर्कशून्य नव्हते. P म्हणजे पेपर, 2 म्हणजे दुसरा दिवस, 14 म्हणजे चौदा वाजता, अशी तिने प्रत्येक खुणेला अर्थाची जोड दिली होती. तरीही या तीन अर्थांपैकी एकही बरोबर नव्हता. ही चूक कशी झाली आणि त्याच पानावरून ती कशी टाळता आली असती, हे या घटकात आपण पाहणार आहोत.

२. छायाचित्रात काय दिसते?

चालू वर्षाच्या पानावर परिषदेचे नाव नव्हते; ते वरच्या कडेबाहेर राहिले होते. संकेतांचे अर्थ देणारी सूचीही नव्हती. ती बहुधा मुखपृष्ठाच्या मागील बाजूस असते, आणि छायाचित्र काढणारा फक्त आपल्याला हवे ते पान टिपतो. दिसत होता तो तक्ता. त्यातील चहा व भोजनाच्या वेळा आणि निबंधांची शीर्षके वगळली, तर त्याचा सांगाडा असा होता :

```
DAY 2
09:30  PL2   AUD
11:00  S3-A  LH-101   S3-B  LH-204   S3-C  SR-G03
13:30  P2    FOYER
14:30  S4-A  LH-101   S4-B  LH-204   S4-C  SR-G03
16:30  S5-A  LH-101   S5-B  SR-G03   BM    LH-204
```

साडेदहा वाजता चहा, साडेबारा वाजता भोजन आणि चार वाजता पुन्हा चहा, असे तीन आडवे पट्टे मध्ये होते. S ने सुरू होणाऱ्या प्रत्येक चौकटीत संकेताखाली एक नाव होते. A असलेल्या चौकटींत 'बोलीअभ्यास', B असलेल्या चौकटींत 'कोशरचना व परिभाषा' आणि C असलेल्या चौकटींत 'भाषाशिक्षण', अशा अर्थाची ती इंग्रजी नावे होती. अकरा व अडीच वाजताच्या प्रत्येक चौकटीत तीन निबंधांची शीर्षके होती, तर साडेचारच्या चौकटींत दोन. P2 च्या पट्ट्याखाली मात्र १ ते २४ अशा क्रमांकांनी चोवीस शीर्षके बारीक अक्षरांत दिलेली होती.

३. संकेताची फोड

अपरिचित संकेत पाहिला की त्यातील अक्षराचा विस्तार आठवण्याकडे आपला कल असतो. P म्हणजे पेपर, S म्हणजे सेशन, असे आपण मनाशी म्हणतो. ही पद्धत भरवशाची नाही, कारण एकाच अक्षराने सुरू होणारे शब्द अनेक असतात. परिषदेच्या संदर्भात P हे अक्षर पेपर, पोस्टर, पॅनेल आणि प्लीनरी अशा किमान चार शब्दांचे आद्याक्षर होऊ शकते.

याहून चांगली पद्धत आपण रूपविचारात शिकलेलीच आहे. 'घराला' आणि 'घराने' ही रूपे शेजारी ठेवली की 'घरा-' हा अंश समान आणि '-ला', '-ने' हे अंश भिन्न आहेत, असे दिसते. 'घराला' आणि 'शेताला' शेजारी ठेवली की आता '-ला' समान आणि आधीचा अंश भिन्न ठरतो. एकेका जागी बदल करून त्याबरोबर अर्थात काय बदलते हे पाहिले, की प्रत्येक अंशाचे कार्य निश्चित होते. भाषेतील चिन्हाला त्याचे मूल्य त्याच व्यवस्थेतील इतर चिन्हांपासूनच्या भेदामुळे मिळते, हा फेर्दिनां द सोस्यूर यांचा विचार १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या व्याख्यानग्रंथामुळे आपल्याला परिचित आहे. कार्यक्रमपत्रकातील संकेत ही अशीच एक छोटी व्यवस्था आहे.

आता S3-A आणि S3-B हे संकेत शेजारी ठेवू. केवळ शेवटचे अक्षर बदलले आहे. तक्त्यात पाहिले तर दोहोंची वेळ एकच, सकाळी अकरा. बदलते ती खोली आणि बदलते ते खालचे नाव. म्हणजे शेवटच्या अक्षराचा संबंध वेळेशी नाही. यानंतर S3-A आणि S4-A ही जोडी घेऊ. आता केवळ अंक बदलला आहे. खोली तीच, खालचे नाव तेच; वेळ मात्र अकरावरून अडीचवर गेली आहे. म्हणजे अंक वेळेचा खंड दाखवतो. अशा दोन जोड्यांनी संकेताची दोन अंशांत फोड झाली, आणि त्यासाठी संकेतसूचीची गरज लागली नाही.

येथे एक शंका येईल. पान दुसऱ्या दिवसाचे आहे आणि अकरा वाजता होणारे हे त्या दिवसाचे पहिलेच समांतर सत्र आहे. मग त्याचा अंक 3 का? याचे उत्तर असे की सत्रांचे क्रमांक रोज नव्याने सुरू न करता सबंध परिषदेत सलग चालवले आहेत. पहिल्या दिवशी S1 आणि S2 झाली असली पाहिजेत. म्हणून S3 म्हणजे तिसरा दिवसही नव्हे आणि त्या दिवसाचे तिसरे सत्रही नव्हे. उलट PL2 मधील 2 हा दिवसाच्या क्रमांकाशी जुळतो, पण तोही दिवस दाखवत नाही. पहिल्या दिवशी एक आणि दुसऱ्या दिवशी एक असे व्याख्यान ठेवले की दुसऱ्याचा क्रमांक आपोआप 2 येतो. अंक आणि दिवस यांचा असा योगायोगाने जुळलेला मेळ हा पत्रक वाचताना फसवणारा एक नेहमीचा सापळा आहे. आपल्या विद्यार्थिनीने P2 मधील 2 चा अर्थ 'दुसरा दिवस' असा लावला, त्याचे कारण हेच.

PL2 च्या ओळीत एकच नोंद आहे आणि तिचे स्थळ AUD, म्हणजे सभागृह, आहे. त्या वेळी अन्य कोठेही काही ठेवलेले नाही. यावरून हे सर्व प्रतिनिधींनी एकत्र ऐकायचे व्याख्यान, म्हणजे पूर्णसत्र, आहे हे निश्चित होते. अक्षरांचा विस्तार ठाऊक नसला तरी तक्त्यातील स्थानावरून कार्य ओळखता येते.

४. अक्षर कशाचे : खोलीचे की विषयधारेचे?

शेवटचे अक्षर वेळेचे नाही, एवढे ठरले. पण ते खोलीचे आहे की खालच्या नावाचे? S3 आणि S4 यांच्याकडे पाहून हे ठरवता येत नाही, कारण तेथे A असेल तर LH-101 ही खोली आणि 'बोलीअभ्यास' हे नाव, दोन्ही एकत्रच येतात. दोन गोष्टी नेहमी बरोबर येत असतील, तर त्यांपैकी चिन्ह कोणत्या गोष्टीचे हे सांगता येत नाही. त्यासाठी त्या दोघींची फारकत झालेले एखादे उदाहरण शोधावे लागते.

असे उदाहरण शेवटच्या ओळीत आहे. साडेचार वाजता S5-B हे सत्र LH-204 मध्ये नसून SR-G03 मध्ये आहे. त्याखालचे नाव मात्र पूर्वीचेच, 'कोशरचना व परिभाषा'. खोली बदलली तरी अक्षर बदलले नाही. यावरून अक्षर खोलीचे नसून विषयाच्या नावाचे आहे, हे सिद्ध होते. दिवसभर किंवा सबंध परिषदभर अनेक सत्रांतून पुढे चालणाऱ्या अशा विषयाला इंग्रजीत ट्रॅक म्हणतात. आपण त्याला विषयधारा म्हणू. तक्त्यातील गोष्टी अशा तीन झाल्या : सत्र म्हणजे वेळेचा एक खंड, खोली म्हणजे स्थळ, आणि विषयधारा म्हणजे त्या खंडांना जोडणारे विषयसूत्र.

खोली का बदलली, याचेही उत्तर त्याच ओळीत आहे. LH-204 मध्ये त्या वेळी BM आहे. ती परिषद भरवणाऱ्या संस्थेच्या सभासदांची कामकाजाची बैठक. तिला विषयधारेचे नाव नाही, तिच्याखाली निबंधांची शीर्षके नाहीत, आणि तिला मोठी खोली लागत असल्याने B धारा तळमजल्यावर गेली. जो श्रोता 'कोशरचना म्हणजे LH-204' असे दिवसभरासाठी लक्षात ठेवतो, तो साडेचार वाजता या बैठकीत जाऊन बसतो. खोलीशी विषयाची गाठ घालून ठेवू नये. प्रत्येक सत्रापूर्वी त्या चौकटीतील खोली पुन्हा पाहावी.

विषयधारेच्या नावाबाबतही थोडी सावधगिरी हवी. कोणता निबंध कोणत्या धारेत ठेवायचा हे आयोजक सारांश वाचून, आणि पुष्कळदा रिकाम्या जागेची सोय पाहून, ठरवतात. त्या पानावर 'भाषाशिक्षण' धारेत, S4-C मध्ये, घरी बोली बोलणाऱ्या मुलांच्या वर्गातील अडचणींवर एक निबंध होता. बोलीच्या अभ्यासकाला तो उपयोगी होता, पण 'बोलीअभ्यास' या नावाखाली शोधणाऱ्याला तो कधीच सापडला नसता. म्हणून धारेच्या नावावरून निवड सुरू करावी. मात्र अंतिम निवड निबंधांची शीर्षके वाचूनच करावी.

५. खोली क्रमांक

LH-204 हा क्रमांकही फोड करून वाचायचा असतो. पहिली अक्षरे खोलीचा प्रकार सांगतात : LH म्हणजे व्याख्यानकक्ष, SR म्हणजे चर्चाकक्ष. अनेक विद्यापीठांत तीन अंकांपैकी पहिला अंक मजल्याचा आणि उरलेले दोन त्या मजल्यावरील खोलीचे असतात. म्हणजे 204 ही दुसऱ्या मजल्यावरील चौथी खोली.

पण दुसरा मजला कोणता? आपल्याकडे तळमजला, मग पहिला मजला, मग दुसरा, अशी गणना आहे. अमेरिकेत जमिनीलगतच्या मजल्यालाच पहिला म्हणतात. आपल्याकडील काही इमारतींतही जमिनीलगतच्या खोल्यांना 101 पासून क्रमांक दिलेले आढळतात. आपल्या पानावर याचा निर्णय SR-G03 या क्रमांकामुळे होतो. G हे तळमजल्याचे चिन्ह आहे. तळमजल्याला स्वतंत्र चिन्ह असेल, तर 1 हा अंक त्याच्या वरच्या मजल्याचा आणि 2 त्याहून वरच्या मजल्याचा. म्हणजे LH-204 ला जाण्यासाठी दोन जिने चढावे लागणार.

ही अनुमाने एका गृहीतावर उभी आहेत : LH आणि SR या दोन्ही प्रकारच्या खोल्या एकाच इमारतीत आहेत. पानावर या गृहीताला आधार देणारे काहीच नाही. LH हे खोलीच्या प्रकाराचे नाव न राहता व्याख्यानकक्षांच्या स्वतंत्र इमारतीचे नाव असू शकते. ही गोष्ट तुलनेने कळत नाही. नोंदणीच्या टेबलापाशी विचारूनच कळते. दोन सत्रांच्या मध्ये इमारत बदलायची असेल, तर हा प्रश्न सकाळीच विचारलेला बरा.

६. P2-14 चे खरे वाचन

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. विद्यार्थिनीने P म्हणजे पेपर असे मानले होते. ते खरे असते, तर वाचले जाणारे सर्वच निबंध P ने सुरू झाले असते. प्रत्यक्षात ते S3, S4, S5 यांच्या चौकटींत आहेत. P2 ही त्यांच्यापासून निराळी, एकाच पट्ट्यात दिलेली गोष्ट आहे. त्या वेळी समांतर सत्रे नाहीत. तिचे स्थळही क्रमांक असलेली खोली नसून FOYER, म्हणजे सभागृहाबाहेरचे प्रवेशदालन आहे. जाण्यायेण्याच्या दालनात कोणी व्यासपीठावरून निबंध वाचत नाही.

निर्णायक पुरावा साध्या भागाकारात आहे. S3-A हे सत्र अकरा ते साडेबारा, म्हणजे ९० मिनिटांचे आहे आणि त्यात तीन निबंध आहेत. प्रत्येकाला ३० मिनिटे मिळतात. साधारणतः त्यांतील २० मिनिटे वाचनाची आणि १० प्रश्नोत्तरांची असतात. आता P2 पाहा. दीड ते अडीच, म्हणजे ६० मिनिटे, आणि शीर्षके २४. ही एकामागून एक वाचायची असतील, तर प्रत्येकाला अडीच मिनिटे मिळतील. त्यात वक्त्याचे नाव पुकारून तो उभा राहीपर्यंतच वेळ संपेल. म्हणजे ही चोवीस सादरीकरणे एकामागून एक होणारी नसून एकाच वेळी होणारी आहेत. एकाच दालनात एकाच वेळी चोवीस जणांनी आपले काम मांडण्याचा प्रकार एकच : भित्तिपत्रांचे, म्हणजे पोस्टरचे, सत्र. P म्हणजे पोस्टर, 2 म्हणजे परिषदेतील दुसरे पोस्टरसत्र, आणि 14 म्हणजे चौदाव्या क्रमांकाचा फलक.

14 ही वेळ नाही, हेही पानावरूनच कळते. P2 खालील क्रमांक १ पासून २४ पर्यंत सलग आहेत. ते तास असते, तर P2-3 पहाटे तीन वाजता झाले असते. शिवाय त्या पानावरील प्रत्येक वेळ तासानंतर विसर्गासारखे चिन्ह आणि मिनिटे, अशा चार अंकांत दिली आहे. 14 ला ते रूप नाही.

या चुकीची किंमत काय झाली असती? विद्यार्थिनी भाषणाची वही घेऊन दुपारी दोन वाजता पोहोचली असती. तोवर पोस्टरसत्राचा अर्धा वेळ संपलेला असता, चौदाव्या क्रमांकाचा फलक कोरा असता आणि तिला भाषणासाठी व्यासपीठ कोठेही सापडले नसते. तिने वर्षभर गावोगाव फिरून जमवलेले शब्द कोणी पाहिले नसते. सुदैवाने परिषदेला नऊ दिवस अवकाश होता. स्वीकृतीचे पत्र तिने पुन्हा काढून वाचले, तेव्हा त्यात सादरीकरणाचा प्रकार आणि फलकाचा आकार, दोन्ही दिलेले आढळले. 'स्वीकारले' हा शब्द दिसल्यावर पुढचे वाचायचे राहून गेले होते.

पोस्टरसाठी अनेक ठिकाणी ए-शून्य हा कागदाचा आकार मागतात. तो ८४.१ सेंटिमीटर रुंद आणि ११८.९ सेंटिमीटर उंच असतो. पण फलक उभा आहे की आडवा हे आयोजकांच्या पत्रातूनच पाहावे. आडव्या फलकावर उभा कागद खाली लोंबतो. वीस मिनिटांच्या भाषणाचा मजकूर या कागदावर जसाच्या तसा उतरवता येत नाही. तिने भाषणातील प्रास्ताविक गाळले, तिफनीचे एक मोठे रेखाचित्र मध्यभागी घेतले आणि प्रत्येक भागाला बाण काढून तीन तालुक्यांतील शब्द शेजारी शेजारी लिहिले. भाषण वाया गेले नाही. फलकापाशी थांबणाऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरे देताना तेच कामी आले.

७. एका सकाळचा आराखडा

पत्रकाचा अर्थ लागला की त्यावरून आपला मार्ग आखायचा असतो. विद्यार्थिनीला सकाळच्या सत्रातील दोन निबंध ऐकायचे होते. एक S3-B मधील दुसरा, बोलीतील शब्दांची कोशात नोंद कशी करावी याविषयीचा. दुसरा S3-A मधील तिसरा, विदर्भातील बोलींच्या सीमांविषयीचा. प्रत्येक निबंधाला ३० मिनिटे धरली, तर पहिला साडेअकरा ते बारा आणि दुसरा बारा ते साडेबारा. कागदावर दोन्ही जमतात.

प्रत्यक्षात पहिल्या निबंधाची प्रश्नोत्तरे बाराला संपणार आणि दुसरा निबंध बाराला, एक मजला खाली, सुरू होणार. मधे वेळच नाही. म्हणून पहिल्या निबंधाचे वाचन संपताच, अकरा वाजून पन्नास मिनिटांच्या सुमारास, प्रश्नोत्तरे सोडून निघावे लागते. निबंधवाचन चालू असताना उठण्यापेक्षा वाचन आणि प्रश्नोत्तरे यांच्या सांध्यावर उठणे शिष्टसंमत आहे. त्यासाठी दाराजवळची खुर्ची धरावी.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. सत्राची वेळ बहुधा पाळली जाते. सत्रातील एकेका निबंधाची वेळ तितकी भरवशाची नसते. समजा, S3-A मधील दुसरा वक्ता आला नाही. काही ठिकाणी सत्राध्यक्ष ती तीस मिनिटे मोकळी ठेवतात, म्हणजे अन्य खोल्यांतून येणाऱ्यांची गैरसोय होत नाही. इतर ठिकाणी ते पुढच्या वक्त्याला लगेच बोलावतात. तसे झाले तर बारा वाजता होणारा निबंध साडेअकराला सुरू होऊन बारापर्यंत संपतो आणि आपण पोहोचतो तेव्हा खोली रिकामी असते. दोहोंपैकी कोणती रीत आहे हे पत्रकावर क्वचितच लिहिलेले असते. म्हणून दोन निबंधांपैकी जो चुकवून चालणार नाही, त्याच्या सत्रात आरंभापासून बसावे. विद्यार्थिनीने S3-A निवडले, आणि कोशावरील निबंध वाचणाऱ्या व्यक्तीला भोजनाच्या वेळी गाठून तिचा टिपणवजा मजकूर मागून घेतला.

भोजनाचाही हिशेब करायला हवा. ते साडेबाराला सुरू होते आणि पोस्टरसत्र दीडला. पोस्टर दीड वाजता लावायला सुरुवात करून चालत नाही. दीड वाजता ते लागलेले असावे लागते. म्हणून तिने ते साडेदहाच्या चहाच्या वेळीच लावले.

८. छायाचित्र काय लपवते?

छायाचित्राला चौकट असते आणि चौकटीबाहेरचे दिसत नाही, हे आपल्याला ठाऊक असते. पण तक्ता वाचताना ते विसरले जाते. आपल्या पानाची उजवी कडा कापली गेली होती. तीन स्तंभ स्वच्छ दिसत असल्याने ते तीनच आहेत, असे वाटत होते. मात्र चहा आणि भोजन यांचे आडवे पट्टे नीट पाहिल्यावर एक विसंगती जाणवली. असा पट्टा सबंध तक्त्याच्या रुंदीचा असतो आणि त्यातील शब्द बरोबर मध्यावर असतो. छायाचित्रात तो शब्द दिसणाऱ्या तीन स्तंभांच्या मध्याहून उजवीकडे सरकलेला होता. म्हणजे तक्ता उजवीकडे आणखी पसरलेला होता. पूर्ण पान मागवल्यावर D ही चौथी विषयधारा, संगणकीय भाषाविज्ञानाची, तेथे आढळली.

काही खुणांचा उलगडा मात्र तुलनेनेही होत नाही. S4-C आणि S5-A मधील एकेका शीर्षकापुढे तारांकन होते. एका निबंधाचे अनेक लेखक असून त्यांपैकी एकाच्या नावापुढे तारा असता, तर तो प्रत्यक्ष वाचन करणाऱ्याचा, असा तर्क करता आला असता. शीर्षकापुढील तारा मात्र निबंधाविषयी काही सांगतो. तो दूरस्थ पद्धतीने सादर होणार आहे, की विद्यार्थिपुरस्कारासाठी आहे, की रद्द झाला आहे? दोनच उदाहरणे आणि दोहोंत समान असे दुसरे काहीच नाही. म्हणून पुरावा अपुरा. अशा वेळी तर्क न लढवता संकेतसूची मागवावी.

शेवटची मर्यादा काळाची. छायाचित्र ज्या क्षणी काढले त्या क्षणाचे पत्रक ते दाखवते. परिषदेच्या दिवसापर्यंत वक्ते गळतात, खोल्या बदलतात आणि दुरुस्तीचा कागद नोंदणीच्या टेबलाजवळ किंवा खोलीच्या दारावर लावला जातो. छायाचित्रातील नोंद आणि दारावरील कागद यांत विरोध दिसला, तर दारावरचा कागद खरा मानावा. विद्यार्थिनीने हाच नियम पाळला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती प्रथम प्रवेशदालनात गेली, आणि चौदा क्रमांकाच्या फलकावर आपलेच नाव आहे ना, हे पाहून मगच तिने कागदाची गुंडाळी उघडली.

सारांश

समांतर सत्रांच्या पत्रकातील संकेत हे अनेक अंशांचे बनलेले असतात. आद्याक्षराचा विस्तार तर्काने लावण्याऐवजी एकाच जागी भिन्न असणारे दोन संकेत शेजारी ठेवून त्यांच्या वेळेत, खोलीत व विषयनामात काय बदलते ते पाहावे. दोन गोष्टी नेहमी एकत्र येत असतील, तर त्यांची फारकत झालेले उदाहरण शोधावे. उपलब्ध वेळेला सादरीकरणांच्या संख्येने भागले, की निबंधवाचन आणि पोस्टर यांतील भेद कळतो. इमारत, तारांकन आणि शेवटच्या क्षणीचे बदल या गोष्टी पानावरून कळत नाहीत. त्या विचारून घ्याव्यात.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. याच परिषदेच्या तिसऱ्या दिवशी समांतर सत्रांचा पहिला खंड सकाळी असेल, तर त्यातील 'बोलीअभ्यास' धारेचा संकेत काय असेल? हे ठरवताना आपण काय गृहीत धरले?

२. S5-B हे सत्र तक्त्यात नसते, तर शेवटच्या अक्षराविषयी कोणता निष्कर्ष काढता आला नसता?

३. एका पत्रकात W1 या संकेतापुढे ३ तासांची वेळ आणि एकच शीर्षक आहे. हे निबंधवाचन असेल का? कारण द्या.

उत्तरांसाठी दिशा

१. S6-A. सत्रांचे क्रमांक सलग चालतात, दुसऱ्या दिवशी S5 नंतर सत्र नाही आणि 'बोलीअभ्यास' धारा तिसऱ्या दिवशीही चालू आहे, ही गृहीते.

२. अक्षर खोलीचे की विषयधारेचे, हे ठरवता आले नसते. कारण उरलेल्या सर्व नोंदींत या दोन्ही गोष्टी एकत्रच येतात.

३. नसावे. एका निबंधाला साधारण ३० मिनिटे मिळतात. एकाच शीर्षकाला १८० मिनिटे दिली असतील, तर ती कार्यशाळेसारखी दीर्घ बैठक असण्याचा संभव अधिक. निश्चितीसाठी संकेतसूची पाहावी.